कस्टममध्ये माल अडकला, तर सीएचएला पत्र कसं लिहायचं

आमची शेतकरी उत्पादक कंपनी दारव्हा तालुक्यात आहे. तुरीची छोटी दालमिल चालवतो. डाळीतले काळे दाणे आणि खडे हाताने निवडायला बाया मिळेनाशा झाल्या, तेव्हा चीनहून एक लहान कलर सॉर्टर मागवायचं ठरलं. माल न्हावा शेवाला उतरला आणि तिथेच थांबला. मी कंपनीचा हिशोब आणि कागदपत्रं पाहतो, म्हणून पत्रं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिलं पत्र मी इतकं वाईट लिहिलं की त्याचं उत्तरच आलं नाही. दुसऱ्या पत्रानंतर माल हलला. ज्यांचा हा पहिलाच माल आहे त्यांच्यासाठी त्या दोन पत्रांमधला फरक इथे लिहितो. आमची रक्कम आणि वजनं खरी आहेत, कागदांचे नंबर तेवढे बदलले आहेत.

आधी एक शब्द. कायद्यात त्याचं नाव आता कस्टम्स ब्रोकर आहे, पण न्हावा शेवा-पनवेलकडे सगळे अजून सीएचए किंवा क्लिअरिंग एजंटच म्हणतात. तुमच्या वतीने कस्टममध्ये बिल ऑफ एन्ट्री भरणारा हा माणूस. बिल ऑफ एन्ट्री म्हणजे आयात मालाचा जाहीरनामा, बोलताना नुसतं ‘बीई’. कागदावर सही सीएचएची दिसली, तरी जबाबदारी आयातदाराची असते. त्यात लिहिलेलं खोटं निघालं तर जाब तुम्हालाच द्यावा लागतो, त्यामुळे त्याला काय माहिती देता ते महत्त्वाचं.

पहिली पायरी : ‘अडकला’ म्हणजे नेमकं कुठे?

१६ फेब्रुवारीला संध्याकाळी सीएचएच्या ऑफिसातून व्हॉट्सॲपवर एक ओळ आली, ‘माल होल्डवर आहे, पेपर पाठवा’. आमचे अध्यक्ष म्हणाले, “कुठी अडकलं जी? कोणाले द्या लागते का काही?” मीही घाबरून लगेच मेल ठोकला. आमचा माल का अडवला, तुरीचा सीझन चालू आहे, शेतकरी थांबले आहेत, कृपया लवकर सोडवा, असं सगळं त्यात होतं. एकही नंबर नव्हता आणि एकही प्रश्न असा नव्हता की ज्याचं उत्तर देता येईल. सीएचएच्या टेबलावर रोज अनेक पार्ट्यांचे कागद असतात. कोणती पार्टी, कोणता बीई, हे त्याने शोधत बसावं अशी माझी अपेक्षा होती.

‘होल्ड’ हा एकच शब्द चार वेगवेगळ्या अडचणींना वापरतात. पहिली म्हणजे असेसमेंट करणाऱ्या, म्हणजे बीई तपासून ड्युटी ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने काही विचारलंय आणि उत्तर गेलेलं नाही. याला क्वेरी म्हणतात. दुसरी, बीईमध्ये सगळं ठीक आहे पण माल उघडून तपासायचा आहे. तिसरी, दुसऱ्या खात्याची परवानगी लागते. खाण्याचे पदार्थ असतील तर अन्न सुरक्षा प्राधिकरण, बियाणं किंवा लाकूड असेल तर प्लांट क्वारंटाइन. चौथी अडचण कस्टमची नसतेच. ड्युटी भरायची राहिलेली असते, नाहीतर शिपिंग लाइनने डिलिव्हरी ऑर्डर दिलेली नसते. चारही ठिकाणी पुढे करायचं काम वेगळं आहे. चौथ्या प्रकारात कस्टमला कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नाही.

हे सीएचएला विचारण्याआधी स्वतः पाहता येतं. icegate.gov.in या सरकारी साइटवर सार्वजनिक चौकशीचा भाग आहे. तिथे बंदराचा कोड, बीई नंबर आणि बीईची तारीख टाकली की स्थिती दिसते. न्हावा शेवाचा कोड `INNSA1` आहे. नागपूरच्या ड्राय पोर्टला माल सोडवणार असाल तर कोड वेगळा, तो सीएचएकडून विचारून घ्या. चुकीचा कोड टाकला तर तुमचा बीई सापडणारच नाही, आणि तो भरलाच नाही असं वाटून उगाच जीव वरखाली होतो. पानावर `CURRENT QUEUE` आणि `QUERY RAISED` असे रकाने असतात. शेजारी क्वेरीचं उत्तर गेलं का आणि कधी गेलं, तेही असतं.

आमच्या पानावर क्वेरी उठलेली दिसत होती, तारीख १३ फेब्रुवारी, आणि उत्तराचा रकाना रिकामा. म्हणजे तीन दिवस क्वेरी पडून होती आणि आम्हाला ते १६ ला कळलं. राग आला, पण पत्रात तो काढला नाही. का नाही, ते पुढे येईल.

एक गोष्ट नव्या माणसाला धक्का देते. ‘न्हावा शेवाचा साहेब’ तुमचा बीई तपासत असेलच असं नाही. २०२० पासून फेसलेस असेसमेंट आहे, त्यामुळे अधिकारी देशातल्या दुसऱ्याच कस्टम हाउसमध्ये बसलेला असू शकतो. त्याला ना तुम्ही दिसता ना तुमचा माल. दिसतात फक्त अपलोड केलेले कागद. म्हणून कागदात जे नाही, ते त्याच्यासाठी नाहीच.

दुसरी पायरी : क्वेरी शब्दशः मागवा

मी दुसऱ्यांदा फोन केला तो एवढ्याच कामासाठी. “ताई, क्वेरीत जे लिहिलंय ते जसंच्या तसं पाठवता का? स्क्रीनशॉट चालेल.” डॉक्युमेंटेशन सांभाळणाऱ्या ताईंनी पाच मिनिटांत पाठवला. सीएचए तोंडी जे सांगतो तो त्या मजकुराचा सारांश असतो आणि त्यात अर्धं गळून जातं. आम्हाला ‘कॅटलॉग पाठवा’ एवढंच सांगितलं होतं. क्वेरीत तीन गोष्टी होत्या.

एक, यंत्राचा कॅटलॉग द्या आणि ते कशासाठी वापरणार ते सांगा. आम्ही ते ८४३७१००० या टॅरिफ नंबरखाली दाखवलं होतं. बियाणं, धान्य आणि सुक्या कडधान्यांची सफाई, निवड, प्रतवारी करणारी यंत्रं त्या नंबरात येतात. पण इनव्हॉइसवर वर्णन होतं नुसतं ‘सीसीडी कलर सॉर्टर’. तसल्याच यंत्राने प्लास्टिकचे तुकडेही निवडतात आणि ते यंत्र दुसऱ्या नंबराखाली जातं. अधिकाऱ्याची शंका रास्त होती.

दोन, दाखवलेली किंमत खरी आहे याचा पुरावा, म्हणजे पैसे पाठवल्याची बँकेची कागदं.

तीन, पॅकिंग लिस्टमधलं वजन आणि बिल ऑफ लेडिंगवरचं वजन जुळत नाही, खुलासा करा.

तिसरा मुद्दा तोंडी निरोपात आलाच नव्हता, आणि खरी गाठ तिथेच होती.

तिसरी पायरी : लिहिण्याआधी तीन कागद शेजारी ठेवा

इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग एका टेबलावर मांडा. बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, बोलीत ‘बीएल’. आपल्यासारख्यांचा माल अख्ख्या कंटेनरभर नसतो. दहा जणांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये येतो, त्याला एलसीएल म्हणतात. अशा वेळी बीएल दोन असतात. जहाज कंपनीने एजंटला दिलेलं मास्टर बीएल, आणि एजंटने तुम्हाला दिलेलं हाउस बीएल. तुमच्या मालाचा तपशील हाउस बीएलवर असतो. पत्रात नुसतं ‘बीएल नंबर’ लिहाल तर समोरचा हमखास विचारेल, कोणता?

पेन्सिल घेऊन चार गोष्टी जुळवायच्या : माल घेणाऱ्याचं नाव, नगांची संख्या, एकूण वजन, मालाचं वर्णन. नावात एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी खूण करा. आमच्याकडे नाव जुळलं. पॅकिंग लिस्टमध्ये लाकडी पेट्या दोन, एकीचं वजन ७४० किलो आणि दुसरीचं १२०, मिळून ८६०. हाउस बीएलवर नग तीन, वजन ९२५ किलो. म्हणजे एक पेटी जास्त आणि वजन ६५ किलो जास्त.

विकणाऱ्याला मेसेज केला. त्याचं उत्तर आनंदी होतं. तिसऱ्या पेटीत सुटे भाग आहेत, तुमच्यासाठी भेट, पैसे नाहीत! हवेच्या फटकाऱ्याने खराब दाणा बाहेर उडवणारे इजेक्टर व्हॉल्व्ह, फिल्टर, दाणे सरकवणारी एक जादा पन्हळ. पेटी शेवटच्या दिवशी भरली, म्हणून बीएलवर आली आणि आधीच केलेल्या पॅकिंग लिस्टमध्ये राहून गेली.

अध्यक्ष खूश झाले. “फुकट देल्लं तं चांगलंच झालं की.” कस्टमच्या दृष्टीने मात्र ती जाहीर न केलेली पेटी होती. माल फुकट मिळाला तरी त्याची किंमत शून्य धरत नाहीत. योग्य किंमत दाखवून त्यावर ड्युटी भरावीच लागते. बीईमध्ये न दाखवलेला माल जप्त होऊ शकतो आणि वर दंडही लागू शकतो. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे आपणहून, लवकर आणि कागदासकट सांगितलं तर ते ऐकून घेण्याची शक्यता असते. पेटी उघडल्यावर सांगितलं, तर ते पकडल्या गेलेल्या माणसाचं बोलणं वाटतं.

इथे दोन मोह होतात. विकणारा स्वतःच विचारतो की नवीन इनव्हॉइस देताना किंमत थोडी कमी लिहू का. नाही म्हणा. बँकेतून गेलेली रक्कम आणि इनव्हॉइसची रक्कम यांचा मेळ बसला पाहिजे. दुसरा मोह जुनी तारीख टाकून नवे कागद करण्याचा. जुने कागद आधीच अपलोड झालेले आहेत, तेव्हा एकाच नंबराची आणि एकाच तारखेची दोन वेगळी इनव्हॉइस अधिकाऱ्यासमोर जातील. सुधारित इनव्हॉइसवर मूळ नंबर ठेवून ‘सुधारित’ असं स्पष्ट लिहायचं आणि सुधारल्याची खरी तारीख टाकायची. आम्ही तसंच करून घेतलं. यंत्र १२,४०० डॉलर, सुटे भाग ३१० डॉलर, त्यापुढे ‘मोफत, किंमत फक्त कस्टमसाठी’ असा शेरा, एकूण १२,७१०. सोबत विकणाऱ्याचं एका परिच्छेदाचं पत्र, तिसरी पेटी कशी राहून गेली याचं.

चौथी पायरी : फाइल्स

हे पटकन सांगतो, कारण यात शहाणपण कमी आणि खटाटोप जास्त. सीएचए तुमचे कागद ई-संचित या सरकारी व्यवस्थेत अपलोड करतो. मोबाइलने काढलेला फोटो, त्यात कोपऱ्यात अंगठा आणि खाली दुकानाचा गल्ला, असा कागद त्याला परत स्कॅन करून हवा असतो आणि त्यात एक दिवस जातो. तालुक्याच्या सेवा केंद्रात स्कॅनरवर पीडीएफ करून घ्या. प्रत्येक कागदाची वेगळी फाइल आणि फाइलच्या नावातच तिची ओळख :

```
01_Invoice_Revised.pdf
02_PackingList_Revised.pdf
03_Supplier_Letter.pdf
04_Catalogue.pdf
05_Swift_3720.pdf
06_Swift_8680.pdf
07_Crate_Stamp_Photos.pdf
```

स्विफ्ट कॉपी म्हणजे परदेशात पैसे गेल्याचा बँकेचा निरोप. आम्ही ३० टक्के आगाऊ पाठवले होते, ३,७२० डॉलर, आणि माल निघण्यापूर्वी उरलेले ८,६८०. दोन्हींची बेरीज १२,४००, म्हणजे यंत्राच्या किमतीइतकी. अशी बेरीज अधिकाऱ्याला करायला लावू नका, पत्रातच लिहून द्या.

सातवी फाइल क्वेरीत मागितली नव्हती. ती मी एका जुन्या व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून जोडली. लाकडी पेट्यांतून किडे येऊ नयेत म्हणून ते लाकूड उष्णता देऊन किंवा धुरी देऊन शुद्ध केलेलं असावं लागतं, आणि पेटीवर आयएसपीएम-१५ चा शिक्का असावा लागतो. त्यात गव्हाच्या लोंबीसारखं चित्र आणि `HT` किंवा `MB` अशी अक्षरं असतात. `HT` म्हणजे उष्णता, `MB` म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. शिक्का नसला तर माल प्लांट क्वारंटाइनकडे अडतो. आपली तिसरी पेटी घाईत भरलेली, म्हणून तिच्यावरही शिक्का आहे का हे मला खात्रीने हवं होतं. विकणाऱ्याने फोटो पाठवले. होता शिक्का.

पाचवी पायरी : पत्र

पत्र मेलने पाठवा, आणि ‘मेल केला आहे’ एवढंच व्हॉट्सॲपवर कळवा. व्हॉट्सॲपवरचा मजकूर शंभर निरोपांखाली गडप होतो. मेल ऑफिसच्या मालकाला, डॉक्युमेंटेशनवाल्या ताईंना आणि सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनरच्या गोदामात, माल दाखवायला जाणाऱ्या माणसाला, असा तिघांनाही एकदम पाठवा. तो तिसरा माणूस बहुतेक जी-कार्ड किंवा एच-कार्ड असलेला असतो. म्हणजे सीएचएच्या वतीने कस्टममध्ये काम करायचं ओळखपत्र त्याच्याकडे असतं. पेटीचा प्रश्न शेवटी त्याच्याच समोर उघडतो, म्हणून त्याला आधी माहीत असलेलं बरं.

पनवेलच्या ऑफिसात मराठी चालतं, आम्ही मराठीतच लिहिलं. फक्त अधिकाऱ्याला द्यायचा खुलासा वेगळ्या लेटरहेडवर इंग्रजीत केला, कारण अधिकारी कुठल्या राज्यात बसलाय ते ठाऊक नव्हतं. मेल असा होता :

> विषय : बीई ४३१७०५२, दि. ९ फेब्रुवारी, न्हावा शेवा – १३ फेब्रुवारीच्या क्वेरीचे उत्तर आणि बीई दुरुस्तीची विनंती
>
> नमस्कार साहेब,
>
> आमच्या वरील बीईवर १३ फेब्रुवारीला क्वेरी आली आहे. आज सकाळी आइसगेटवर पाहिले तेव्हा उत्तराचा रकाना रिकामा होता.
>
> मालाचा तपशील : आयईसी आमच्या पॅनचाच आहे, तो आपल्याकडे नोंद आहे. इनव्हॉइस क्र. ११८, दि. ५ जानेवारी. हाउस बीएल क्र. ७७०४६, मास्टर बीएल आपल्या फाइलमध्ये. माल : डाळीसाठी कलर सॉर्टर, १ नग. माल सध्या आपण कळवलेल्या सीएफएसमध्ये आहे.
>
> क्वेरीचा मुद्दा १, वापर : यंत्र तूरडाळ निवडण्यासाठी आहे. कॅटलॉग जोडला आहे (फाइल ४), पान ३ वर धान्य आणि कडधान्याचा उल्लेख आहे. टॅरिफ नंबर ८४३७१००० मध्ये बदल नको.
>
> मुद्दा २, किंमत : ३,७२० आणि ८,६८० डॉलरच्या स्विफ्ट कॉपी जोडल्या आहेत (फाइल ५, ६). बेरीज १२,४०० डॉलर, ही यंत्राची पूर्ण किंमत.
>
> मुद्दा ३, वजन : पॅकिंग लिस्टमध्ये २ पेट्या, ८६० किलो; हाउस बीएलवर ३ नग, ९२५ किलो. फरक ६५ किलो. विकणाऱ्याने मोफत सुट्या भागांची तिसरी पेटी पाठवली. ती आम्हाला १८ फेब्रुवारीला त्याच्याकडून कळली. बीईमध्ये ती नाही. तिची किंमत ३१० डॉलर धरून सुधारित इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि विकणाऱ्याचे पत्र जोडले आहे (फाइल १, २, ३). बीईमध्ये ही भर घालण्यासाठी अर्ज करावा. जी ड्युटी वाढेल ती भरायला आम्ही तयार आहोत.
>
> तिन्ही पेट्यांवरील शिक्क्याचे फोटो फाइल ७ मध्ये आहेत.
>
> आपल्याकडून हवे आहे :
> १. उत्तर आणि दुरुस्तीचा अर्ज कोणत्या तारखेला सादर कराल?
> २. सुट्या भागांसाठी टॅरिफ नंबर कोणता लावाल? सादर करण्याआधी आम्हाला कळवा.
> ३. सीएफएसचे मोफत दिवस कोणत्या तारखेला संपतात आणि त्यानंतर रोजचे भाडे किती?
>
> उद्या दुपारी ४ वाजता मी फोन करीन. खुलाशावर आणखी कोणाची सही हवी असल्यास आजच सांगा, अध्यक्ष उद्या यवतमाळला आहेत.

या पत्रात ‘लवकर करा’ कुठेच नाही, ते मी मुद्दाम टाळलं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एक तारीख, एक आकडा किंवा एक नंबर आहे. ‘स्टेटस काय?’ या प्रश्नाला ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर मिळतं आणि त्यात समोरच्याची चूकही नसते. ‘अर्ज कोणत्या तारखेला सादर कराल’ याला तसं उत्तर देता येत नाही.

तीन दिवस उशिराने कळवल्याचा राग पत्रात काढला नाही, कारण तीच ताई ते उत्तर टाइप करणार होती. पण १३ तारीख आणि रिकामा रकाना या दोन्ही गोष्टी पहिल्याच परिच्छेदात लिहिल्या. वाचणाऱ्याला काय समजायचं ते समजलं.

दुसरा प्रश्नही बारकाईने वाचा. टॅरिफ नंबर काय असावा हे सीएचएला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पण तुम्हाला न विचारता त्याने लावलेला नंबर चुकला, तर पुढे नोटीस तुमच्या पत्त्यावर येते.

सहावी पायरी : पुढचे दिवस

उत्तर आणि अर्ज २० फेब्रुवारीला गेले. त्याच संध्याकाळी आइसगेटवर उत्तराच्या रकान्यात तारीख दिसली. याचा अर्थ चेंडू आता अधिकाऱ्याकडे आहे. या टप्प्यावर सीएचएला रोज फोन करून काही होत नाही, तोही वाटच पाहत असतो. एक दिवसाआड सकाळी स्वतः स्थिती पाहायची, आणि काही बदललं तरच विचारायचं. २३ ला `CURRENT QUEUE` बदलला. मी एकाच ओळीचा मेल केला : ‘बीई ४३१७०५२, रांग बदललेली दिसते. तपासणी लागली का? लागली असल्यास कधी, आणि पेट्या उघडायला मजूर कोणाचे?’ उत्तर अर्ध्या तासात आलं. तपासणी २४ ला.

तिन्ही पेट्या उघडल्या. आतला माल सुधारित कागदाशी जुळला. २५ ला वाढीव ड्युटीसह असेसमेंट झालं. आम्हाला दंड लागला नाही. पण तो अधिकाऱ्याच्या अखत्यारीतला विषय आहे, तुमच्या बाबतीत लागणारच नाही असं मी सांगू शकत नाही.

इथे गावाकडच्या कंपन्या एका ठिकाणी हमखास अडतात. असेसमेंट होऊन बीई ड्युटीसाठी परत आला की ड्युटी एका कामकाजाच्या दिवसात भरायची असते, नंतर वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागतं. व्याजापेक्षा जास्त टोचतं ते गोदामाचं भाडं, कारण ड्युटी भरल्याशिवाय माल बाहेर निघत नाही. आमचं खातं सहकारी बँकेत, तिथून ड्युटी थेट भरता येत नव्हती. हे आम्हाला २५ ला संध्याकाळी कळलं. २६ ला सकाळी दारव्ह्यातल्या राष्ट्रीयीकृत बँकेत पैसे वळवून भरले. तुम्ही हे माल जहाजात असतानाच विचारून ठेवा.

क्वेरीचं उत्तर गेल्यावर सात-आठ दिवस काहीच हललं नाही, तर मात्र पुन्हा लिहायचं. त्या मेलमध्ये नवीन मजकूर नको. पहिल्या मेलचाच धागा ठेवून उत्तर सादर झाल्याची तारीख लिहा, आणि सीएचएने तुरंत सुविधा केंद्राकडे विचारणा करावी अशी विनंती करा. फेसलेस व्यवस्थेत आयातदारांच्या अडचणींसाठी बंदरावरच ही केंद्रं उघडलेली आहेत. सीएचए स्वतःच माहिती देत नसेल, तर त्याच्या परवान्याचे २०१८ चे नियम आहेत. त्यांतल्या दहाव्या नियमात त्याने काम विलंबाशिवाय करावं आणि क्लिअरन्सबद्दलचे आदेश पार्टीपासून लपवू नयेत असं सांगितलेलं आहे. या नियमाचं नाव पत्रात घेतलं की संबंध बदलतात. मी ते दुसऱ्या पत्रात घेतलं नसतं, चौथ्यात घेतलं असतं. एक तारीख मात्र डोक्यात पक्की ठेवा. माल उतरल्यापासून ३० दिवसांत सोडवला नाही, तर नोटीस देऊन तो विकण्याचा अधिकार गोदामवाल्याला मिळतो.

आमचा बीई २७ ला ‘आउट ऑफ चार्ज’ झाला, म्हणजे कस्टमने माल सोडला. मोफत दिवस संपून गेले होते, गोदामाचं भाडं ११,५०० रुपये पडलं. क्वेरीचे ते पहिले तीन दिवस वाचले असते, तर यातला काही भाग तरी वाचला असता.

शेवटचं पत्र

माल निघाला की सगळे सीएचएला विसरतात, आणि दोन महिन्यांनी बँक कागद मागते तेव्हा शोधाशोध होते. पैसे आगाऊ पाठवले असतील, तर त्याबदल्यात माल देशात आला याचा पुरावा म्हणून बँक बीई मागतेच. जीएसटीचं क्रेडिट घ्यायलाही तोच लागतो. म्हणून आउट ऑफ चार्जच्या दिवशीच एक छोटा मेल करून शिक्क्यासह अंतिम बीई, ड्युटीचं चलन, सीएफएसचं बिल आणि त्यांचं स्वतःचं बिल मागवून घ्या. बिलात ‘इतर खर्च’ अशी ओळ असेल तर तिची पावतीही मागा.

आणि ट्रक भरण्याआधी ई-वे बिल. आयातीच्या मालाला त्यात कागदाचा प्रकार `Bill of Entry` निवडावा लागतो. माल निघण्याचं ठिकाण म्हणून सीएफएसचा पिन कोड टाकायचा, विकणाऱ्याचा नाही. आमचा ट्रकवाला गेटवर अडीच तास उभा राहिला तो याच रकान्यापायी. बिल दारव्ह्यातून मी बनवत होतो, आणि दुपारची लाइट गेली होती.